दिवे मालवायचेत अजून

बाबांना रविवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचं होतं आणि सोमवारी सकाळी इस्पितळात दाखल व्हायचं होतं. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं होतं, आता ऑपरेशन करून घेतलंत तर पुढे सुखाने जगाल, अजून लांबवलंत तर शरीरालाच ते झेपणार नाही. बाबांनी मान डोलावली होती. पण आई गेली ती याच इस्पितळात, ऑपरेशननंतर शुद्धीवर न येताच. त्यामुळे त्या मान डोलावण्यावर दादाचा विश्वास नव्हता. माझा होता.

दुपारी दादाने घरच्या ग्रुपवर टाकलं, "बाबा, चारला गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेवा."

बऱ्याच वेळाने बाबांचं उत्तर आलं. "तुम्ही व्हा पुढे. दिवे मालवायचेत अजून."

वहिनीने लगेच ते स्टिकर टाकलं, काळवंडल्या तोंडाचा खाणकामगार, एक डोळा मिचकावणारा. दादाने लिहिलं, "झालं. बाबांनी दिवे मालवले." मी बाळाला पाजत होते. मोकळ्या हाताच्या अंगठ्याने मीही हाणलं, "बाबा, 'मालवून येतो.' डायलॉग तरी धड मारा."

एका जुन्या, खाणीवरच्या सिनेमातला हा डायलॉग आमच्याकडे कुणाला माहीत नाही असं नाही. 'तुम्ही व्हा पुढे, दिवे मालवून येतो' म्हणजे मी काही येत नाही, टांग देतोय. लग्नाला जायचं टाळायचं असेल, ऑफिसातल्या साहेबाचा निरोप समारंभ चुकवायचा असेल, तर हेच. पुढे पुढे एवढंही म्हणावं लागेनासं झालं. 'त्याने दिवे मालवले' म्हटलं की कळतं, गडी सटकला. दादाच्या शाळेतली मुलं सरावाला दांडी मारणाऱ्याला 'मालव्या' म्हणतात. दादा तिथे खेळाचा शिक्षक आहे. त्याने एकदा एका मालव्याला विचारलं, हे कुठून आलं रे? पोरगा म्हणाला, "सर, बल्बच्या जाहिरातीतून." त्याला सिनेमा ठाऊकच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही तो कधी पाहिला नव्हता. माझ्या जन्माआधीचा. माझ्या डोक्यात होता तो विनोदी कार्यक्रमातला नकलाकार, पोटाला उशी बांधून, हातात टॉर्च घेऊन, पंगत उठायच्या आत पळणारा.

बाबांचं उत्तर आलं, "सिनेमात तसं नाही."

दादाने हसऱ्या तोंडांची रांग लावली. "बरं, तुमचं खरं. मग मी येत नाही, तुम्हीच सावकाश गाडी करून सहापर्यंत धाकटीकडे पोचा." बाबांनी अंगठा दाखवला आणि शंकेखोर दादालाही तेवढं पुरलं. विषय मिटला.

माझ्या मनात मात्र ते वाक्य खड्यासारखं टोचत राहिलं, आणि ते काही लेकीच्या काळजीने नव्हे, कामाच्या सवयीने. मी घरी बसून सिनेमांना मजकूर जोडते, पडद्याच्या तळाशी येतो तो. या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, ऐकू येतं ते लिहा, आठवतं ते लिहू नका. गाजलेली वाक्यं सगळ्यांत जास्त फसवतात, कारण ती कान ऐकायच्या आधीच बोटं लिहून मोकळी होतात. मूळ वाक्य लांब असतं, लोक शेंडी कापतात. मूळ वाक्य अर्ध्यावर तुटतं, लोक त्याला शेपूट लावतात, म्हणजे ते एकटं उभं राहू शकतं. मग बाबा चुकले की आम्ही?

बाळ झोपलं. मोठी, म्हणजे आमची मनी, खुर्च्यांची आगगाडी करण्यात दंग होती. मी सिनेमा शोधला आणि शेवटाकडे सरकवला.

खाणीत पाणी शिरतंय. वर जायचा पाळणा शेवटच्या खेपेला आलाय. पण तो वर ओढायची खूण खालूनच द्यावी लागते, दोर ओढून घंटा वाजवावी लागते. म्हणजे कुणीतरी एक खाली राहणार. मुकादमाचा पोरगा पाळण्यात उभा आहे, त्याला हे गणित अजून सुचलेलं नाही. तो म्हणतो, "बाबा, चला ना." मुकादम भिंतीवर टांगलेल्या दिव्यांकडे बघतो. रोज कामावरून सुटताना दिवे मालवायचं काम त्याचंच. तितक्याच रोजच्या आवाजात, थोडं वैतागून, तो म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे. दिवे मालवायचेत अजून."

बस्स. 'येतो' नाही.

मी मागे घेऊन परत ऐकलं. हेडफोन लावून ऐकलं. नाहीच. पोरगा मात्र 'येतो' ऐकल्यासारखा हसतो, पाळणा हलतो, आणि वर जाईपर्यंत तो आपल्या सोबत्याला सांगत राहतो, "येतीलच. दिवे मालवून येतायत." म्हणजे 'येतो' हे त्या माणसाने कधी म्हटलंच नाही. ते पोराने लावलं. आणि पोरामागून आम्ही सगळ्यांनी, नकलाकाराने, बल्बवाल्याने, मी.

जो माणूस पोराशी एवढंही खोटं बोलला नाही, त्याला आम्ही टांगारू करून टाकलं होतं.

मग मला आमचा ग्रुप दिसायला लागला. एकाने वाक्य टाकलंय, बाकीचे हसत हसत वर चाललेत. मी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. नवरा कामावर होता. मी बाळाला छातीशी बांधलं, मनीच्या पायात उलटसुलट चपला सरकवल्या आणि निघाले.

बाबांचं घर त्यांच्या जुन्या दुकानाच्या वर आहे. जन्मभर त्यांनी चष्म्याच्या काचा घासल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आईच्या बरण्या पुसत होते. पुसलेल्या बरण्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवल्या होत्या आणि खोक्यावर वहिनीचं नाव होतं. शेजारच्या खोक्यावर माझं. बॅग कुठेच नव्हती.

"एवढ्या उन्हात पोरांना घेऊन कशाला आलीस?" ते म्हणाले.

"फोन का उचलला नाहीत?"

"हात ओले होते."

मनी आजोबांच्या गुडघ्याला चिकटली. मी उभीच होते. इतका वेळ वाटेत जुळवलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "सिनेमा बघितला मी आत्ता."

बाबांनी बरणीचं झाकण फिरवलं. "चांगला आहे ना? तुझ्या आईबरोबर पाहिला होता. नवीन लग्न झालेलं. एवढी रडली की बाहेर आल्यावर लोक माझ्याकडे बघायला लागले, याने काय केलं पोरीला म्हणून." ते जरा हसले. "तेव्हा हे वाक्य कुणी चेष्टेत म्हणायचं नाही. आमच्या दुकानातला म्हातारा कारागीर निवृत्त झाला तेव्हा त्याने म्हटलं होतं, सगळे गप्प झाले होते. मग ती नक्कल आली. तुम्ही दोघं घरभर टॉर्च घेऊन पळायचात."

"बाबा, उद्या तुम्ही येणार नव्हतात."

त्यांनी पुढची बरणी पुसायला घेतली.

"आणि आम्हाला सांगितलंत ते असं. ज्याला आम्ही हसणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हसून गेलात तर बरंच ना," बाबा म्हणाले. "रडारड कशाला? दादाच्या मागे त्याचे व्याप, तुझं हे एवढंसं. माझ्यासाठी इस्पितळात कोण बसणार? आई होती तेव्हा मी बसलो. बाहेरच्या त्या बाकावर. माहितीय मला तो बाक. तुम्हाला त्याच्यावर नाही बसवायचं."

"ते आम्हाला ठरवू द्या की."

"आणि झेपलं नाही तर?"

 बाळ जागं होऊन कुरकुरायला लागलं. मी भिंतीला टेकून खाली बसले, पदराआड त्याला घेतलं. मला राग आला होता, बाबांचा आणि त्या मुकादमाचाही. सगळे त्या माणसासाठी रडतात. त्या वर पोचलेल्या पोराचं पुढे काय झालं, ते सिनेमा दाखवत नाही. त्याला जन्मभर आठवत असणार की आपण हसत होतो.

"तो पोरगा मूर्ख होता," मी म्हणाले. "त्याने विचारायला हवं होतं, दिवे मालवायला एवढा वेळ कशाला."

"विचारलं असतं तर मुकादमाला सांगता आलं नसतं."

"मी विचारतेय."

बाबा हातातल्या फडक्याची घडी घालत बसले. घातली, मोडली, परत घातली. मग अगदी हळू म्हणाले, "भीती वाटते गं. तुझी आई आत गेली तेव्हा मला म्हणाली, तुम्ही खाऊन घ्या. आणि मी गेलो खायला."

हे मला माहीत नव्हतं. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मनी इतका वेळ बरण्यांच्या काचेत आपलं वाकडं तोंड बघत होती. तिला आमच्या बोलण्यातलं एकच ओळखीचं सापडलं होतं. आमच्याकडे ती झोपायला जाते तेव्हा मी मागचं आवरत असते आणि ती आतून ओरडते, आई, दिवे मालवून ये. तिच्या लेखी त्याचा अर्थ तेवढाच, काम संपव आणि माझ्याजवळ येऊन पड. सिनेमा नाही, जाहिरात नाही, टांग नाही.

तिने आजोबांचा पंजा धरून ओढला. "आजोबा, आज तू माझ्याजवळ झोपणार आहेस ना? चल."

"तू हो पुढे," बाबा सवयीने म्हणाले, आणि थांबले.

माझ्याकडे बघितलं त्यांनी.  मी वाक्य पुरं करून दिलं नाही, आमच्या सगळ्यांची तीच तर खोड होती.

"दिवे मालव आणि ये," मनी म्हणाली. "लवकर. मी जागा धरते."

बाबा उठले. स्वयंपाकघरातला दिवा त्यांनी बंद केला. मग आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार करकरलं, काहीतरी खाली पडलं. मी कान देऊन बसले होते. शेवटी कपाटावरून बॅग ओढल्याचा आवाज आला.

"आजोबा, येतोस ना?" मनीने दारातून हाक मारली.

 बाळ पिता पिता थांबलं, तेही ऐकत असल्यासारखं.

"येतो," बाबा म्हणाले.

 घरी येतो म्हणाले की उद्या तिथेही येतो म्हणाले, ते मी विचारलं नाही. खाली गाडीत बसल्यावर त्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि दुकानाच्या वरच्या काळोख्या खिडकीकडे वळून वळून बघत राहिले. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. ग्रुपवर दादाचा निरोप येऊन पडला होता, "काय, मालवले का दिवे?" आणि मागोमाग डोळा मिचकावणारा तो खाणकामगार.

मी फोन उलटा ठेवला.