हुडहुडी भरली तर

तामलवाडीच्या माळावर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं, त्या उन्हाळ्यात पुतळाबाईच्या घरातनं दोघी खडी फोडायला जात होत्या. एक ती स्वतः आणि दुसरी तिची सून चांगुणा. मुलगा श्रीपती परंड्याकडं तलावाच्या कामावर गेला होता, सवड मिळेल तसा यायचा. विहिरी आटलेल्या, जनावरं विकून झालेली. सकाळी भाकरीचं गठुडं घेऊन निघायचं, दिवसभर हातोडा चालवायचा आणि उन्हं उतरली की परतायचं, एवढाच उद्योग राहिला होता.

कामावर टँकरनं पाण्याचं एक पिंप भरलं जायचं. पिंपाजवळ बिभीषण मुकादमाचा माणूस तांब्या घेऊन बसायचा. बाकीच्या बाया आपल्या हातानं पाणी घ्यायच्या. पुतळाबाई, चांगुणा आणि बौद्धवाड्यातल्या बाकीच्या बायांना मात्र तो वरनं ओंजळीत ओतायचा, तेही सगळ्यांचं झाल्यावर. तोवर पिंपाच्या तळाशी गढूळ राहिलेलं असायचं. चांगुणा तर तेवढंही पीत नसे. उघडा माळ, एका उभ्या बाभळीशिवाय आडोशाला झुडूप नाही. पाणी प्यालं की जायचं कुठं, म्हणून ती दोन घोटांवर दिवस काढायची.

एके दिवशी दुपारच्या आधीच तिनं हातोडा टाकला. डाव्या बाजूला, पाठीत, बरगडीच्या खाली काहीतरी टोचल्यागत झालं. आधी तिला वाटलं, वाकून वाकून उसण भरली असेल. पण बघता बघता त्या टोचण्याची कळ झाली आणि पुढं सरकत कुशीतनं खाली जांघेपर्यंत उतरली. चांगुणा बसली, उठली, पुन्हा बसली, आडवी झाली, गुडघे पोटाशी घेतले. कुठंच चैन पडेना. मग भडाभडा ओकली.

"आत्याबाई, कुणीतरी आतनं पिळतंय मला," ती म्हणाली.

पुतळाबाईनं तिचं तोंड पदरानं पुसलं. बाया गोळा झाल्या. एकीनं उसण म्हटलं, दुसरीनं बाहेरचं काहीतरी लागलंय म्हटलं. बिभीषण मुकादम छत्री घेऊन आला. हा मजूर सोसायटीच्या चेअरमनचा मेव्हणा, त्यामुळं त्याचा शब्द माळावर कायद्यासारखा चालायचा.

"अंगारा लावा आणि सावलीला बसवा," तो म्हणाला. "ऊन लागलंय."

"ऊन डाव्याच अंगाला लागतंय व्हय?" पुतळाबाई म्हणाली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून तिनं अंगारे-धुपारे घराच्या चौकटीबाहेर ठेवले होते. तिनं सुनेला उठवलं, रस्त्याला आणलं आणि एसटीनं तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी पोट चाचपलं. पाठीत बरगडीखाली हलकेच थापटलं, तशी चांगुणा कळवळली. ताप बघितला, तो नव्हता. पाळी कधी आली, दिवस तर गेले नाहीत ना, हेही विचारून घेतलं. लघवी काचेच्या नळीत धरून उजेडात बघितली. तिला लालसर झाक होती.

"बहुतेक मुतखडा आहे," ते म्हणाले. "मूत्रपिंडातून लघवीची नळी खाली येते, त्यात खडा अडकला की अशी कळ येते. नक्की सांगायला फोटो काढावा लागेल, तो सोलापूरला निघतो. आत्ता इंजेक्शन देतो. बारीक खडे पुष्कळदा आपोआप पडून जातात."

"पर झालाच कशानं?" पुतळाबाईनं विचारलं.

"कारणं बरीच असतात. पण दिवसभर उन्हात घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं नाही, म्हणजे लघवी घट्ट होते. मग खडा धरायला वेळ लागत नाही." डॉक्टरांनी सुई टोचली. "भरपूर पाणी प्यायला हवं. लघवी पाण्यासारखी फिकी दिसेपर्यंत. आणि ती फडक्यातून गाळायची, खडा पडला तर कळेल."

"हुलग्याचं कढण पाजू का?"

"पाजा की. तेवढंच पाणी पोटात जाईल. पण त्याच्या भरवशावर बसू नका." डॉक्टरांचा आवाज जरा बदलला. "आता मी सांगतो ते नीट ऐका. नुसती कळ आली तर इथं या. पण कळ आहे आणि वर थंडी वाजून ताप आला, हुडहुडी भरली, तर घरी थांबायचं नाही. लघवी बंद झाली तरी नाही. उलटीनं घोटभर पाणी ठरेना, तरी नाही. मग इथंही येऊ नका, थेट सोलापूरचा मोठा दवाखाना गाठा. मिळेल त्या वाहनानं. अडकलेल्या लघवीत पू झाला तर माणूस एका दिवसात हाताबाहेर जातं."

पुतळाबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं ते शब्द वाटेत एसटीत बसून पुन्हा पुन्हा घोळवले. हुडहुडी, लघवी बंद, पाणी ठरेना. चांगुणा तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. इंजेक्शननं कळ उतरली होती.

चांगुणा घरी राहिली. दुसऱ्या दिवशी पुतळाबाई कामावर गेली ती सरळ पिंपाकडं. अजून कुणीच पाणी घेतलं नव्हतं. तिनं त्या माणसाच्या हातातला तांब्या काढून घेतला, पिंपात बुडवला आणि उभ्या उभ्या प्याली. मग दुसरा भरला आणि बौद्धवाड्यातल्या शिवकांताच्या हातात दिला.

माळावरचे हातोडे थांबले.

"म्हातारे, पाणी बाटवलंस," मुकादम धावत आला. "आता हे बाकीच्यांनी प्यायचं कसं?"

"तोंडानं," पुतळाबाई म्हणाली. "पाणी सरकारचं, टँकर सरकारचा. माझी सून पाण्यावाचून आडवी पडलीय, डाक्तरांनी सांगितलंय मला. आजपासून आमी आमच्या हातानं घेणार. आन तिकडं चार तट्ट्या उभ्या करा, बायांना आडोसा पायजे. न्हायतर आमी रस्त्याच्या मधी बसू, मग तुमीच माना फिरवा."

काही बायांनी तोंडं वाकडी केली, दोघी-तिघी त्या दिवशी तहानेल्या राहिल्या. पण ऊन असं होतं की दुसऱ्या दिवशी त्याही तांब्या घेऊन आल्या. तट्ट्याही उभ्या राहिल्या. मुकादमानं मात्र हे मनात ठेवलं.

तीन-चार दिवस बरे गेले. चांगुणा पाणी प्यायची, फडकं बघायची. त्यात काही आलं नव्हतं. बरं वाटलं म्हणून सासूचं न ऐकता ती पुन्हा कामावर आली, आणि त्याच दिवशी कळ परत आली. या वेळी ती खालीवर होत नव्हती, एकसारखी ठणकत राहिली. सारखं लघवीला लागल्यागत व्हायचं आणि थेंबभरच यायची. पुतळाबाईनं तिला बाभळीखाली निजवलं. माळ तव्यासारखा तापलेला, आणि त्या उन्हात चांगुणाचे दात वाजायला लागले.

"आत्याबाई, वाकळ टाका माझ्यावर. लई थंडी वाजतीय."

पुतळाबाईनं तिच्या कपाळाला हात लावला. हात भाजला. तांब्यानं पाजलेलं पाणी लगेच उलटून पडलं. पुतळाबाईला डॉक्टरांचे शब्द आठवले.

कामाची मापं घ्यायला त्या दिवशी ओव्हरसियर आले होते. त्यांची जीप रस्त्याच्या कडेला उभी होती. पुतळाबाई तिकडं निघाली, तसा मुकादम आडवा आला.

"हिवताप हाय. गोळी आणून देतो गावातनं."

"हिवताप न्हाय."

"तू डाक्तर हायस का?"

"न्हाय. म्हणून तर डाक्तराकडं नेतीय."

"सायबांची जीप तुझ्या सुनंसाठी न्हाय. संध्याकाळी काम उरकलं की बघू. पिंपाला हात लावलास, आता जीपला लावतीस व्हय?"

पुतळाबाईनं त्याच्याशी आणखी वाद घातला नाही. तिनं शिवकांताला हाक मारली. दोघींनी चांगुणाला दोन्ही बाजूंनी धरलं, चालवत आणलं आणि जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. मग पुतळाबाई जीपसमोर खडीवर मांडी घालून बसली. शिवकांता बसली. वाड्यातल्या बाया आल्या. थोडा वेळ गेला आणि पलीकडच्या ढिगावरच्या दोघी-तिघीही हातोडे ठेवून येऊन बसल्या, ज्यांनी त्या दिवशी तोंडं वाकडी केली होती त्याही.

ओव्हरसियर टेप गुंडाळत आले. "काय चाललंय हे?"

"सायेब, ही जीप एकतर सोलापूरला जाईल न्हायतर आमच्या अंगावरनं जाईल," पुतळाबाई म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "तुळजापूरच्या डाक्तरांनी मुतखडा सांगितलाय. कळ हाय, हुडहुडी हाय, लघवी तुंबलीय, पाणी ठरत न्हाय. कळीच्या वर बाकीच्यातलं एक जरी झालं तरी थेट सोलापूर म्हणले. इथं तिन्ही झाल्यात. संध्याकाळपत्तूर थांबायचं असंल तर तुमी लिहून द्या, की ही बाई मेली तर माझ्यामुळं मेली."

ओव्हरसियरांनी आत डोकावून बघितलं. चांगुणाचे ओठ पांढरे पडले होते, ती काहीबाही बोलत होती.

"साहेब, ह्यांना डोक्यावर बसवू नका," मुकादम म्हणाला.

"बाजूला व्हा, मुकादम." ओव्हरसियरांनी ड्रायव्हरला खूण केली. "सोलापूरच्या सिव्हिल दवाखान्यात सोड. मापं उद्या घेऊ."

बाया उठल्या. पुतळाबाई आत चढली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. वाटेत चांगुणा दोनदा ओकली. पुतळाबाई तिच्याशी अखंड बोलत राहिली, श्रीपतीच्या लहानपणच्या खोड्या सांगत राहिली, म्हणजे डोळे मिटणार नाहीत.

सोलापूरला फोटोत खडा दिसला, नळीत मधोमध रुतलेला. सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. मोठे डॉक्टर बाहेर आले. खड्याच्या वर लघवी तुंबून तिचा पू झालाय, आजच ऑपरेशन करायचं, म्हणाले. पुतळाबाईनं कागदावर अंगठा उमटवला. तो पुसायला दिलेली चिंधी ती कितीतरी वेळ हातात चुरगळत राहिली.

ऑपरेशन झालं. खडा निघाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. कुशीत पू वाहून जायला एक रबरी नळी ठेवली होती. दोन दिवस ताप खाली-वर होत राहिला, तिसऱ्या दिवशी उतरला आणि चांगुणानं भाकरी मागितली.

"संध्याकाळी आणली असती तर मी खात्री दिली नसती," मोठे डॉक्टर पुतळाबाईला म्हणाले. "घरी गेल्यावरही पाणी सोडायचं नाही. एकदा झालेला खडा पुन्हा होऊ शकतो."

श्रीपतीला निरोप पोचला आणि तो धापा टाकत आला. आधी बायकोजवळ बसला, मग आईला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

"आये, सायबांची जीप अडवली म्हणं तुमी. मुकादम गावात सांगत फिरतोय, पोलिसात देतो म्हणून. कामावरनं तुझं नावबी काढलंय त्यानं."

"पोलिसात दिलं तर सांगंन पोलिसाला, काय झालं ते. आन नाव काढलं तर वाड्यातल्या समद्या बाया घेऊन ओव्हरसियरकडं जाईन." पुतळाबाई भिंतीला टेकून बसली. किती दिवसांनी ती अशी टेकली होती, तिलाच आठवेना. "तू आत जा. तिला एकटीला ठिवू नगंस. आन जाताना मडक्यातलं पाणी घिऊन जा."

श्रीपती आत गेला. थोड्या वेळानं आतून चांगुणाचा बारीक आवाज आला. आपल्याला बरं वाटतंय, आता घरी न्या, असं ती नवऱ्याला सांगत होती. पुतळाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "नळी काढल्याबिगर कुणी कुठं जाणार न्हाय." आणि तिनं डोळे मिटले.