गप्प बसलेला निरोप

विज्ञान कुणापुढे झुकत नाही. आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात ते फक्त विभागप्रमुखांपुढे झुकतं.

पीएचडी करणाऱ्या सरिता खोब्रागडेनं जनुकाचा निरोप, म्हणजे एमआरएनए, गप्प करायला पेशींत मायक्रोआरएनए हा इवलासा रेणू सोडला. विभागप्रमुख सरांनी निरोपाची मोजणी पाहिली.

“निरोप तर जवळपास तसाच आहे. प्रयोग फसला असं लिही, नाहीतर नागपूरच्या परिषदेतून तुझं नाव काढतो.”

“काढा सर. फसला असं मी लिहीत नाई. मायक्रोआरएनए निरोपाले चिकटून बसला हाय, म्हणून पेशी तो वाचून नाई राह्यली. वाचल्याशिवाय प्रोटीन बनत नाई. प्रोटीन मोजा.”

सर मोजेनात. शेवटी तिनंच खपून मोजलं. प्रोटीन जेमतेम पाव उरलं होतं.

तिचं काढलेलं नाव परत घालायला सरांनी लगेच नागपूरला फोन लावला. परिषद आदल्या दिवशीच आटोपली होती.