सामान सुखरूप पोचलं

रेणुकादास सरांना कोणी फसवू शकत नाही, असं नांदेडच्या भाग्यनगरात एकाच माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द रेणुकादास सर. कनिष्ठ महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवत. भाजीवालीपासून फ्रीजच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करण्यात त्यांची हयात गेली होती. जागरूक ग्राहकाचा धडा तर ते असा रंगवून शिकवत की मागच्या बाकावरची पोरंही जागी व्हायची. दुकानाचा पत्ता तपासा, कागद वाचल्याशिवाय सही करू नका, फार स्वस्त दिसलं की आधी शंका घ्या. पोरं लिहून घ्यायची. सरांनी मात्र हे कुठं लिहून ठेवलं नव्हतं, आणि घोटाळा तिथंच झाला.

मुलगी देविका दहावी झाली. आता डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर आलंच. भूकंपात पडलेलं लातूर हे सरांच्या तरुणपणीचं. आताच्या लातुरात घरं उभी राहतात ती ट्युशनला आलेल्या पोरांसाठी. बायको विनीता पोस्टात होती, तिनं लातूरला बदली मागून घेतली. ट्युशन एरियात महादेवप्पांच्या घरी दोन खोल्या ठरल्या. मायलेकी तिथं राहणार, सर नांदेडला एकटे भात करपवणार, असं ठरलं. राहिलं सामान.

सामान हलवायचं म्हणजे देगलूर नाक्याचे सलीमभाई. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच टेम्पोतून लातूरला गेली होती. सलीमभाई आले, घरभर हिंडले, पलंगाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "चौदा हजार, सर. हमाली धरून. वर एक पैसा न्हाई."

"चौदा?" सर हसले. "सलीमभाई, जग कुठं गेलं अन तुम्ही कुठं बसून राहिले!"

सलीमभाईंनी चहा संपवला. "जग कुठंबी जाऊ द्या सर, लातूर तितकंच लांब हाय," म्हणाले आणि गेले.

सरांनी मोबाईलवर शोधलं. एका ठिकाणी नंबर टाकला तर घटकाभरात सात-आठ कंपन्यांचे फोन. त्यातली एक होती 'सुवर्णगरुड पॅकर्स अँड मूव्हर्स'. फोनवर भार्गवी मॅडम. आवाज असा गोड की सरांनी उगाचच शर्टाची कॉलर नीट केली. मॅडम म्हणाल्या साडेसहा हजार, पॅकिंगसकट. आमचा माणूस बघायला यायची गरज नाही, सामान फोनवर सांगितलं तरी चालेल. इथं कोणीही शहाणा थबकला असता. सर थबकले नाहीत, सरांनी घासाघीस केली. पाच हजार पाचशेवर आणलं. मॅडम हसून म्हणाल्या, "सर, तुमच्यापुढे आम्ही हरलो." मुळात जो भाव खोटा, तो सरांनी मेहनतीनं आणखी खोटा करून घेतला. वर आगाऊ रक्कमही पाठवून दिली.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण कौतुक पोटात ठेवणं हे सरांच्या प्रकृतीला कधी मानवलं नाही. 'लातूरकर पालक' नावाच्या ग्रुपवर त्यांनी लांबलचक मेसेज टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले, फुलं आली. शेजारच्या सिंधुताईंचा तर फोनच आला. सिंधुताई ब्लाऊज शिवायच्या, नवरा नव्हता, मुलगा मिहिर देविकाच्याच वर्गातला. शिवणयंत्र आणि पिको-फॉलची मशीन लातूरला न्यायची, तिथं शिवून पोराची फी भरायची, असा त्यांचा हिशेब.

"सर, मी सलीमभाईला हाव म्हणून बसले हो."

"मग नाही म्हणा! मी आहे ना."

सिंधुताईंना संकोच वाटला म्हणून सलीमभाईंना फोनही सरांनीच केला. भार्गवी मॅडमना सिंधुताईंचा नंबर दिला. त्यांचं लोडिंग सरांचं सामान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. आणखी दोन घरांनीही तिथंच गाडी ठरवली.

सामान भरायच्या सकाळी जो ट्रक आला त्यावर गरुड सोडा, साधी चिमणीही नव्हती. कंपनीचं नाव नाही, नंबर परराज्यातला. मुकादम म्हणाला, "कंपनीची गाडी सर्व्हिसिंगला गेली, सर." आणि एक कागद पुढं केला. बारीक छपाई, मुंगीलाही चष्मा लागावा अशी. सर वाचायला लागले तर मुकादम म्हणाला, "सर, माझा भाचा तुमच्याच कॉलेजात होता. लई नाव काढतो तुमचं." झालं. सरांनी न वाचता झोकात सही ठोकली. विनीता बघत होती. तिनं फक्त आईला पाठवायला म्हणून भरलेल्या ट्रकचा एक फोटो काढला.

बसनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत तिघं दुपारी लातूरला पोचली. महादेवप्पांनी कुलूप काढून दिलं. रिकाम्या खोल्या, खिडकीतून ऊन, आणि देविकाच्या खांद्यावर एक दप्तर. चार वाजले तरी ट्रक नाही. भार्गवी मॅडमचा फोन बंद. मग एका नव्या नंबरवरून पुरुषाचा आवाज आला.

"सर, मी मॅनेजर. सामान सांगितल्यापेक्षा दुप्पट निघालं. जास्तीचं भाडं, पॅकिंग, जीएसटी, टोल, उतरवायची हमाली. सत्तावीस हजार टाका, गाडी लगेच येईल."

सरांचा आवाज चढला. "पाच हजार पाचशे ठरलेत! लेखी आहे!"

"जादा मालाला जादा आकार, हेही लेखीच आहे. खाली तुमची सही आहे. नसेल जमत तर राहू द्या. माल गोडाऊनला जाईल, दिवसाचं भाडं वेगळं."

"मी पोलिसात जाईन!"

"जा की, सर," मॅनेजर म्हणाला. त्याला घाईच नव्हती.

सर मटकन जमिनीवर बसले. बसायला दुसरं काही नव्हतंच. देविका म्हणाली, "बाबा, माझ्या वह्या त्यात आहेत. सोमवारी पहिली टेस्ट आहे." आवाजात रडू होतं, ते तिनं गिळलं. विनीता फोनमधला ट्रकचा फोटो शोधायला लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं सरांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

महादेवप्पा सतरंजी आणि पाण्याची कळशी घेऊन आले. भूकंपात त्यांचं गाव गेलं होतं, पुढची कैक वर्षं पत्र्याच्या शेडात काढली होती. सगळं ऐकून म्हणाले, "आमचं सामान मातीखाली गेलतं, मास्तर. तुमचं तर चाकावर हाय. येतंय की." आणि जाता जाता वळून, "पण सही का हो केलीत?"

विनीता फोटो घेऊन पोलीस ठाण्यात गेली. सर मागं राहिले, फोन येईल म्हणून. फोन नाही, मेसेज आला. मॅनेजरचाच.

'सर, तुमच्या ग्रुपमुळे आम्हाला तीन बुकिंग मिळाली. उद्या सकाळी सिंधु मॅडमचं लोडिंग आहे. तुम्ही एक व्हिडिओ टाका, सामान सुखरूप पोचलं म्हणून. तुमची गाडी जुन्या भावात सोडतो. नाही टाकला तर माल विसरा.'

सरांनी तीनदा वाचलं. इथं सर ताडकन उठले आणि त्यांनी त्या माणसाची खरडपट्टी काढली, असं सांगायला मला आवडलं असतं. सर उठले खरे, पण केस विंचरायला.

वह्या मिळतील. सत्तावीस हजार वाचतील. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गल्लीत कोणाला काही कळणार नाही. सिंधुताईंचं उद्या बघू, त्यांना नंतर सावध करू, हळूच, आपलं नाव न येता. मन असं भराभर पळत होतं. त्यांनी देविकाच्या हातात तिचा फोन दिला. "धर जरा. मी दोन शब्द बोलतो."

ते बोलले. छान बोलले. "सामान सुखरूप पोचलं, सेवा उत्तम, भाव वाजवी." शेवटी हसलेसुद्धा.

देविकानं फोन खाली घेतला. "बाबा, मागं खोली रिकामी दिसून राहिली."

"मग असं कर, त्या भिंतीपाशी घे."

ती हलली नाही. त्याच वेळी सरांच्या खिशातला फोन वाजला. ग्रुपवर सिंधुताईंचा मेसेज. 'सर, सामान पोचलं का? मी दोन्ही मशिनी गोधडीत बांधून ठेवल्या. तुमचं कळलं की निर्धास्त झोपते.'

सरांचं विंचरलेलं डोकं खाली गेलं. या बाईनं आपल्या सांगण्यावरून ठरलेला माणूस मोडला. उद्या तिच्या मशिनी अशाच कुठंतरी अडकतील आणि सोडवायला तिच्याकडे सत्तावीस रुपये निघायचे नाहीत. लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

"देविका, परत घे," ते म्हणाले. "भिंतीपाशी नको. सगळी खोली दिसू दे."

"मी रेणुकादास. ग्राहक जागृती शिकवतो. ही बघा माझी खोली. सामान आलेलं नाही, फसवणाऱ्यांनी अडकवून ठेवलंय. न वाचता सही मी केली. सलीमभाईंना हसलो तो मी. आणि तुम्हाला यात ओढलं तेही मीच, गाढवानं. सिंधुताई, मशिनी गाडीत चढवू नका. सलीमभाईंना फोन करा, माझी शपथ आहे."

आणि व्हिडिओ आपल्या फोनवर घेऊन ग्रुपवर पाठवून दिला, विचार बदलायच्या आत. मॅनेजरचा मेसेजही खाली जोडला. मग तोच मेसेज घेऊन पोलीस ठाण्यात धावले.

तिथं हवालदार विनीताला सांगत होते, "पैशाचा वाद हाय ताई, कोर्टातला मामला. आम्ही काय करणार?" सरांनी मेसेज पुढं केला. आतून फौजदार साहेब आले, त्यांनी वाचला. "माल विसरा? हे तर खंडणी मागणं झालं. यानं स्वतःच लिहून दिलंय की." गाडीचा नंबर फोटोत होता. सकाळी पत्ता विचारायला ड्रायव्हरनं विनीताला फोन केला होता, तो नंबर तिच्याकडे होता; दुपारी तिनं लावला तेव्हा त्यानं उचलला नव्हता. साहेबांनी स्वतः लावला. ड्रायव्हर चाकूरच्या पुढं ढाब्यावर थांबला होता. तोच उलट रडकुंडीला आलेला. कंपनीनं गाडी बाहेरून भाड्यानं घेतलेली, त्याचंही भाडं बुडवलं होतं, वर गाडी हलवायची नाही म्हणून दम दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक ठाण्याच्या दारात आला. तक्रार नोंदवली गेली. मॅनेजरचा फोन बंद झाला आणि भार्गवी मॅडम बहुधा दुसऱ्या कोणापुढे हरायला गेल्या. ड्रायव्हरचं भाडं सरांनीच दिलं, त्या गरिबाचा काय दोष? हमाली दिली. आधी भरलेली आगाऊ रक्कम गेलीच. सगळं धरून आकडा चौदा हजारांच्या थोडा पुढंच गेला.

संध्याकाळी सलीमभाईंचा टेम्पो महादेवप्पांच्या गल्लीत येऊन थांबला. सिंधुताईंची खोली चार घरं सोडून होती. सलीमभाईंनी गोधडीतल्या मशिनी पोटाशी धरून उतरवल्या. सर ओशाळून समोर उभे राहिले.

"सलीमभाई, चुकलं माझं."

"व्हिडिओ बघितला, सर," सलीमभाई म्हणाले. "गाढव म्हणायची गरज नव्हती. पण म्हणलं ते चांगलं केलं." आणि हसून पुढचं खोकं उचललं.

सिंधुताईंनी पहिला चहा केला तो सरांच्या घरी आणून दिला. "सर, तुमचंच ऐकून सलीमभाईला नाही म्हणलं, अन तुमचंच ऐकून परत बोलावलं. तुमच्यासारखा खरं बोलणारा माणूस शेजारी हाय, म्हणून मला कशाची भीती न्हाई."

सरांनी कप तोंडाला लावला. चहा कडक गरम होता, तरी ते तो पीतच राहिले. सिंधुताई गेल्यावर त्यांनी हळूच देविकाला म्हटलं, "तो पहिला व्हिडिओ... पुसून टाक ना."

देविका वहीत डोकं घालून बसली होती. सोमवारी टेस्ट होती.

"राहू द्या बाबा," ती वर न बघता म्हणाली. "मी कोणाला दाखवणार नाही. तुम्ही मात्र अधूनमधून बघत जा."