चारशे शब्दांतली विहीर

अर्जाच्या दुसऱ्या पानावर चार मथळे होते: पार्श्वभूमी, आजवरचं काम, पुढचा बेत, आणि हीच संस्था का. खाली बारीक अक्षरात सूचना होती. चारही भाग मिळून चारशे शब्द, एकही भाग कोरा नको, चारशेच्या पुढचं वाचलं जाणार नाही. कुठल्या भागाला किती शब्द द्यायचे, हे मात्र अर्जदारावर सोडलं होतं.

पंचफुला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मृदाशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी दिल्लीच्या एका संस्थेत तिला जायचं होतं. एकसष्ट सालच्या मार्चात, एका रविवारी बडनेऱ्याला गाडी बदलून ती अमरावतीला खुशालराव सरांकडे गेली. सरांनी तिला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि अशा निवड समित्यांवर ते स्वतः बसले होते.

सरांनी तिचा इंग्रजी मसुदा दोनदा वाचला. मग पेन्सिलीनं प्रत्येक भागाचे शब्द मोजले.

"पार्श्वभूमी दोनशे दहा. काम शंभर. बेत सत्तर. अन् संस्थेले वीस."

"वीसच उरले, सर."

"वीस शब्दांत तू म्हणतेस की संस्था नावाजलेली हाये. ते त्यायले माहीत हाये."

पंचफुलाला हसू आलं, पण दोनशे दहा शब्दांवर तिनं हात ठेवला. त्यात तिचे वडील डोमाजी होते, त्यांची मजुरी होती, छप्पन साली नागपूरला घेतलेली बौद्ध धम्माची दीक्षा होती, शाळेबाहेर बसून गिरवलेले पहिले धडे होते.

"हे कापलं तर मी कोण, हे कसं कळंल?"

"मी काप म्हनून नाही राहिलो. यातलं कोनतं वाक्य पुढच्या भागाले काही देते, ते पाहून राहिलो." सरांनी कागद तिच्याकडे वळवला. "तू चाळीस विहिरींचं पानी तपासलं. काहून? विहिरीच काहून?"

आजवर हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"आमचं गाव पूर्णेकाठी, दर्यापूरकडं. गावच्या विहिरीचं पानी गोड. तिथं आमाले मनाई. आमच्या वस्तीनं आपली विहीर खोदली, ती खारी निघाली. दोन्हीत शंभर पावलं. आठ वर्षांची असताना मी गोड विहिरीजवळच्या गुरांच्या हौदातून चोरून घोटभर पेले. मार बसला. पण मले रात्रभर एकच प्रश्न पडला होता. इतक्या जवळ, अन् चव वेगळी कशी?"

सरांचं घराणं त्याच मुलखातलं, काळ्या जमिनीचं, गोड विहिरीवर पाणी भरणारं.

"आमच्याही गावी तशीच मनाई होती," ते हळू आवाजात म्हणाले. "अन् पान्याचा प्रश्न आमाले कधी पडला नाही." मग त्यांनी विचारलं, "हे इथं कुठं लिहिलं हाये?"

"नाही लिहिलं. लहान गोष्ट वाटली."

"हेच लिही. मनाई, खारी विहीर, शंभर पावलं. बाकीचं वाचनाऱ्याले आपोआप दिसते."

दुपारभर दोघं बसले. पार्श्वभूमी सत्तर शब्दांवर आली, आणि तिचं शेवटचं वाक्य प्रश्न होतं. त्यामुळे कामाचा भाग त्या प्रश्नाचं उत्तर शोधत सुरू झाला: दोन उन्हाळे, चाळीस विहिरी, शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटनं मोजलेलं क्लोराइड, म्हणजे पाण्यातलं मीठ, आणि खोल विहिरींत खारेपणा जास्त असल्याचा अंदाज. त्याला एकशे साठ शब्द दिले. बेतात तिनं आधी संस्थेच्या प्रयोगशाळेबद्दलही लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं.

"तुले काय शोधायचं, ते बेतात. तुह्याजवळ काय नाही अन् त्यायच्याजवळ काय हाये, ते शेवटी. एकच गोष्ट दोनदा नको."

बेताला नव्वद, संस्थेला ऐंशी. ऐंशीत तिनं लिहिलं की पाणी मोजता येतं, पण खालच्या मातीतलं मीठ थराथरानं मोजायची सोय तिच्याकडे नाही. तसं काम त्या संस्थेत चालतं, हे तिनं त्यांच्या वार्षिक अहवालात वाचलं होतं.

वडिलांचं नाव गळलं, ही गोष्ट तिला गाडीत टोचत राहिली. घरी तिनं मसुदा डोमाजींना मराठीत करून सांगितला.

"माहं नाव नाही यात."

"नाही, बाबा."

डोमाजींनी विचार केला. "विहीर मी खोदली, ते हाये?"

"वस्तीनं खोदली, असं हाये."

"मंग बरोबर हाये. मी एकट्यानं कुठं खोदली?"

जूनमध्ये दिल्लीला मुलाखत झाली. निवड समितीतल्या चौघांपैकी एकानं तिच्या अर्जावर बोट ठेवून विचारलं, "शंभर पावलांत फरक का पडतो, तुमचा अंदाज?"

"खाली चिकणमातीचा थर सारखा नसावा. पण खात्री नाही. म्हणूनच आले."

त्यावर ते चौघं आपसातच वाद घालू लागले, नदीच्या जुन्या पात्राबद्दल आणि गाळाबद्दल. पंचफुला वही काढून लिहू लागली. प्रवेश मिळाल्याचं पत्र जुलैत आलं, पण तोवर तिनं वहीतल्या तीन शंका घेऊन आणखी सहा विहिरी तपासल्या होत्या.