मिनिटांचा तक्ता

"इचार गं बाई, इचाराया लाजू नको,
आड किती खोल, न इचारता वाकू नको."

वरवंडच्या मळ्यांत खुरपणीच्या पाथीला लागलेल्या बायांमध्ये सिंधूबाईचा आवाज सगळ्यांत पुढं असायचा. गौतमी तेव्हा बांधावर पाटी-दप्तर घेऊन बसलेली असायची. आईचा तो आवाज कांद्याच्या पातीवरून वारा सरकत यावा तसा सरकत यायचा आणि पोरीच्या कानात जाऊन बसायचा. पोर शिकली, रसायनशास्त्रात पदवीधर झाली, कुरकुंभच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. आणि तिथं तिला विचारण्याची खोडच जडली.

या खोडीनंच हा सगळा ताप झाला.

झालं असं. कंपनीचे कारखाने दोन. एक कुरकुंभला, दौंडकडं. दुसरा रांजणगावला, शिरूरकडं. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार पाच साली, साहेबांनी दोन्हीकडं इंट्रानेट आणलं आणि त्यावर एक पान काढलं. बाहेर परिषदेला जो जाईल त्यानं तिथं ऐकलेल्या भाषणाचा सारांश तीन दिवसांत या पानावर टाकायचा. टाकला तर तो दिवस ड्यूटीत धरायचा, नाही टाकला तर रजेत. सारांशाखाली कुणालाही शेरा लिहिता यायचा. लोक लिहायचे, "छान माहिती." एवढंच. वरच्या साहेबांना नाव दिसलं की झालं.

रांजणगावचे सेफ्टी ऑफिसर बाळासो दरेकर पुण्याच्या परिषदेहून आले. त्यांनी एका भाषणाचा सारांश टाकला. विषय होता, सॉल्व्हंट भरताना तयार होणारी स्थिर वीज. मुद्दे पाच होते. चौथा असा: "टँकर भरून झाल्यावर लगेच नमुना घेऊ नये. किती वेळ थांबावं याचा मिनिटांचा तक्ता वक्त्यांनी सादर केला."

गौतमीनं तो मुद्दा वाचला आणि खुर्चीतच सरसावून बसली. तिनं खाली लिहिलं:

"दरेकर सर, उपयोगी सारांश. चौथ्या मुद्द्यातून आपल्याला आणखी एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. टँकरला अर्थिंगचा चिमटा लावला म्हणजे आतल्या द्रवातला विजेचा भार त्याच क्षणी उतरतो असं नाही. आणि नमुन्याचं स्टीलचं भांडं आपण नायलॉनच्या दोरीनं सोडतो, ते तर कशालाच जोडलेलं नसतं. त्या तक्त्यासाठी भाषणाच्या स्लाइड्स मिळू शकतील का?"

वाचायला किती साधं. पण या साध्या प्रश्नामागं एक गोष्ट होती, ती तिनं लिहिली नव्हती.

आठ दिवसांपूर्वी पोपटमामा तिच्याकडं नमुन्याची बाटली घेऊन आले होते. पोपटमामा ठेकेदाराचे माणूस, वय पन्नाशीचं, टँकरवर चढून नमुना काढायचं काम त्यांचं. बाटली टेबलावर ठेवली तरी माणूस हलेना.

"काय मामा?"

"काय न्हाई ताई. मघाशी टोल्विनचा टँकर भरला. भांडं वर वडलं, तर झाकणाच्या कडंला निळं कायतरी चमाकलं. काजव्यावानी. उगं नजरंचा खेळ असंल."

टोल्युइनची वाफ, पेट्रोलसारखी भडकणारी, आणि निळी ठिणगी. माणूस वाचला तो केवळ झाकणापाशी वारा होता म्हणून.

"मामा, हे लिहून द्यायला पायजे."

"तुमच्या पाया पडतो ताई, माझं नाव काढू नगा. मागं आमच्यातल्या हौशीरामनं असंच लिहून दिलं, त्याला दुसऱ्या दिवशी गेटावरनंच माघारी लावलं. तुम्ही गप राव्हा आन् काय करायचं ते करा."

गप राहून काय करायचं ते करायचं! गौतमी उत्पादनाचे मॅनेजर गावडेसाहेब यांच्याकडं गेली. भरणी झाली की थोडं थांबून नमुना घेऊ या म्हणाली.

"थोडं म्हणजे किती?"

"पुरेसा वेळ, सर. पुस्तकात तसंच दिलंय."

"पुरेसा म्हणजे दोन मिनिटं की दोन तास? बाहेर चार टँकर उभे असतात, मॅडम. आकडा आणा, आकड्याचा कागद आणा, उद्यापासून थांबवतो. मी काय माणसांचा वैरी आहे का?"

वैरी नव्हता तो. पण कागदाशिवाय हलणाराही नव्हता. म्हणून तो तक्ता हवा होता.

शेऱ्याखाली दुपारपर्यंत सहा शेरे जमले. "चांगली भर." "सहमत." "स्लाइड्स आम्हालाही हव्यात." आणि संध्याकाळी खुद्द पुण्याच्या हेड ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचं एक वाक्य: "उत्तम मुद्दा. दरेकर, स्लाइड्स टाका."

"घ्या!" शेजारच्या टेबलावरची सारिका म्हणाली. "मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत भरलीस बाई. आता आमच्याशी बोलशील का न्हाई?"

"मला तक्ता पायजे गं, डोळे नकोत कुणाचे."

दुसऱ्या दिवशी दरेकरांचं उत्तर आलं. "धन्यवाद मॅडम. बघून कळवतो."

चार दिवस गेले तरी बघून कळवणं काही झालं नाही. मग गौतमीनंच फोन केला.

"फाइल लई मोठी हाय, मॅडम. मेलमधून जात न्हाई."

तिनं कंपनीच्या जीपबरोबर पेन ड्राइव्ह पाठवला. चौथ्या दिवशी तो परत आला. रिकामा.

"त्यात व्हायरस निघाला," दरेकर म्हणाले. "आमच्या कॉम्प्युटरवाल्यानं लावू दिला न्हाई."

"मग सीडी करा, सर."

"सीडी करू की. पण वक्त्याची परवानगी लागती ना. मी पत्र टाकलंय त्यांना."

"मला पत्ता द्या, मीपण विचारते."

"नको नको! एकाच कंपनीतनं दोघांनी विचारलं तर बरं दिसत न्हाई. मी हाय ना!"

मी हाय ना! गौतमीला वाटलं, हा रिसीव्हर असाच नेऊन पाण्याच्या पिंपात बुडवावा. नळाखाली घागर लावून ठेवावी आणि नळानं नुसतं फुसफुसत राहावं, तसं चाललं होतं. पाणी नाही म्हणावं तर आवाज येतोय, आहे म्हणावं तर घागर कोरडी.

इकडं पोपटमामा रोज टँकरवर चढत होते. ती रोज काहीतरी निमित्त काढायची. कधी बाटलीवर लेबल नाही म्हणून थांबवायची, कधी "मामा, आधी पाणी प्या" म्हणायची, कधी वहीच सापडत नाही म्हणायची. असं करून दहा-पंधरा मिनिटं चोरायची. दहा पुरेत की तीस लागतात, तेही तिला ठाऊक नव्हतं. खालून गावडेसाहेबांचा आवाज यायचा, "मॅडम, टँकरला मुळं फुटायची वाट बघताय का?" आणि ती दुसऱ्या पाळीला असली की मग तेवढीही चोरी नाही. मामा चढायचे, झाकण उघडायचे, दोरी सोडायचे. ती घरी बसून घड्याळ बघायची.

तीन आठवडे झाले. तिनं रजा टाकली आणि सकाळची एसटी धरली. चौफुल्याला उतरून दुसरी गाडी, न्हावऱ्यावरून शिरूर, शिरूरहून सहा आसनी रिक्षात नववी म्हणून बसून रांजणगाव. गेटवर पास काढताना तिच्या केसांत धूळ होती आणि डोक्यात त्याहून जास्त.

दरेकर केबिनमध्ये डबा खात होते. तिला बघून घास हातातच राहिला.

"मॅडम? तुम्ही? हितं?"

"स्लाइड्स घ्यायला आले, सर."

"अवो, एवढ्यासाठी…? बसा, बसा. भाकरी खा. आमच्या घरची बाजरी हाय."

"भाकरी नको. परवानगीचं काय झालं?"

"येईल की. मोठी माणसं, वेळ लागतो." त्यांनी डबा मिटला. मग जरा आवाज चढवून म्हणाले, "आन् एक विचारू? राग मानू नका. एका शेऱ्यापायी दौंडावरनं शिरूरपर्यंत? तुमचं नाव तर झालं. मोठ्या साहेबांनी शाबासकी दिली. माझ्या सारांशावर तुम्ही वरनं मुद्दा चढवला, मी काय बोललो का? आता माझी अजून किती शोभा करायची?"

म्हणजे या माणसाला असं वाटत होतं! तीन आठवडे ती माणसाचा जीव मोजत होती, आणि हा तिनं मिरवलेलं नाव मोजत होता. तिला ओरडावंसं वाटलं. पण ती टेबलावर वाकून हळूच म्हणाली,

"सर, आमच्याकडं ठिणगी पडलीय."

"काय?"

"टोल्युइनच्या टँकरवर. भांडं वर ओढताना. झाकणाच्या कडेला निळी ठिणगी. माणसाचं नाव मी सांगणार नाही, त्याला शब्द दिलाय. पोरांचा बाप आहे. तो आजही चढलाय, आत्ता आपण बोलतोय तेव्हा वर असेल. मला शाबासकी नको, किती मिनिटं थांबायचं तेवढा आकडा पायजे. आकडा असला की गावडेसाहेब थांबवणार आहेत."

दरेकर सेफ्टी ऑफिसर होते, वीस वर्षांच्या अनुभवाचे. ठिणगी म्हणजे काय ते त्यांना समजावायला नको होतं. त्यांनी डबा बाजूला सारला.

"हे तुम्ही शेऱ्यात का न्हाई लिहिलं?"

"लिहिलं असतं तर त्याची भाकरी गेली असती. तुम्ही का नाही देत स्लाइड्स?"

दरेकरांनी हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं. मग खण ओढला आणि परिषदेत वाटलेलं कार्यक्रमाचं पुस्तक काढलं. कोरं करकरीत. एकच पान दुमडलेलं. त्या पानावर भाषणाचा गोषवारा होता, पाच मुद्द्यांचा. गौतमीनं उलट्या बाजूनंच वाचला. शब्द न शब्द ओळखीचा. खाली वक्त्याचं नाव आणि फोन नंबर.

"सर, हे तर…"

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि फोन जवळ ओढला. नंबर फिरवताना बोट एकदा चुकलं, पुन्हा फिरवला. पलीकडून कुणी उचललं तसे ते खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू माणूस समोरच आलाय.

"नमस्कार सर. मी बाळासो दरेकर, रांजणगावहून. तुमच्या पुण्याच्या भाषणाचा सारांश आमच्या कंपनीत मी लिहिला… हो, तेच. सर, माझ्यासमोर आमच्या कुरकुंभच्या मॅडम बसल्यात. त्यांना तुमचा मिनिटांचा तक्ता आजच्या आज पायजे, आमच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. फोनवर सांगितला तरी त्या लिहून घेतील. तीन आठवडे झाले, त्या माझ्याकडं मागतायत, आणि मी तुम्हाला पत्र टाकलंय म्हणून सांगतोय. पत्र टाकलेलं नाही, सर."

त्यांनी गौतमीकडं बघितलं नाही. खिडकीकडं तोंड केलं.

"त्या दिवशी गावी चार वाजता लाइट यायची होती, उसाला पाणी द्यायचं होतं. दुपारचं जेवण झालं आन् मी शिरूरची गाडी धरली. तुमच्या भाषणाला मी बसलोच नव्हतो."