भिंतीवरची यादी

सांगलीच्या पेठेत गंगाधर शेट्यांचं किराणा दुकान होतं. त्यांची मुलगी ज्ञानदा अथणीला आजोळी वाढलेली, त्यामुळे कानडी यादी आली की शेटे तिलाच हाक मारत.

त्या दिवशी जतकडचा बिराप्पा आला. त्याच्या हातात फोटो होता.

“आयनं भितीवर कोळशानं लिवल्यालं हाय. कागद शेरडं खात्यात म्हणून. घराला चुना लावायचा हुता, तवा मिलटरीतल्या भावानं फोटू काढला. आय पावण्यांकडं गेलीया. आमाला कानडी येत न्हाई.”

ज्ञानदाने फोटो उजेडात धरला आणि एकेक ओळ मराठीत उतरवू लागली. अक्की म्हणजे तांदूळ, बेल्ल म्हणजे गूळ, कडली ब्याळी म्हणजे हरभऱ्याची डाळ. तीन, सहा आणि नऊ हे कानडी आकडे एकाच वळणाचे, शेपटी तेवढी वेगळी. ते तिने भिंग लावून पाहिले. एका ओळीवर मात्र फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता. ‘एळ्ळु’, म्हणजे तीळ, स्वच्छ दिसत होतं. त्याआधीच्या शब्दाची शेवटची वेलांटी तेवढी उरली होती. करी म्हणजे काळे, बिळी म्हणजे पांढरे. वेलांटी दोन्हींना.

तिने मान वर केली. बिराप्पाचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. यादी एवढ्या मोठ्या जेवणाची, वर मुंडण! घरात कुणी गेलं असणार. दुःखातल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून तिने ‘काळे तीळ, दोन किलो’ लिहिलं. शेट्यांनी पुड्या बांधल्या.

दोन महिन्यांनी बिराप्पा पुन्हा आला, तेव्हा डोक्यावर केस होते.

“बहिणीचं लगीन झालं,” तो म्हणाला. “करंज्या करताना पुडी सोडली, तर काळं तीळ! बाया कुजबुजाय लागल्या.”

“पण तुमचं मुंडण...”

“ते बालाजीचं, नवसाचं.”

ज्ञानदाने हातातली पेन्सिल खाली ठेवली. “आई काय म्हणाल्या?”

“म्हणली, माझ्याच हातनं चुकलं आसंल. भित तर पांढरी झाल्याली, बघायचं कुठं? तवापासनं काय लिवत न्हाई. आता मीच तोंडानं सांगतो.”

“त्या चुकल्या नाहीत हो. तो शब्द मला दिसलाच नव्हता. मी अंदाजाने लिहिला.”

बिराप्पा रागावला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं. तिने कागद घेऊन कानडीत लिहिलं, ‘आई, चूक माझी. तुम्ही बरोबरच लिहिलं होतं.’ त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या बाजारी त्याला पाहताच ती पायरी उतरून गेली.

“वाचलं त्यांनी?”

“व्हय. दोनदा वाचलं. पोरीचं अक्षर लय ग्वाड हाय म्हणली.”

“आणि यादी?”

“कोळसा म्होरं ठिवला हुता मी. म्हणली, ऱ्हाऊ दे आता, सवय गेली.” त्याने पिशवी पुढे केली. “लिव बाय. गूळ पाच किलो.”

ज्ञानदा लिहू लागली. प्रत्येक जिन्नस तिने त्याला दोन-दोनदा विचारला.