नववी ब आणि चार सेंटिमीटर

आधीच सांगते, मी रिद्धी, नववी ब ची मॉनिटर, आणि माझं डोकं लवकर तापतं. आता हा दोष माझा की नववी ब चा, ते तुम्हीच ठरवा. त्रेचाळीस टाळकी सांभाळायची, त्यात मागच्या बाकावर भरतसारखा नग, तर देवमाणसाचंही डोकं तापेल.

रनाळ्याच्या आमच्या शाळेतून तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला एकच प्रकल्प जातो. गेल्या वर्षी भरतचं गढूळ पाण्याचं गाळणं गेलं. चारकोल, वाळू आणि त्याच्या आजीचं फाटकं लुगडं, बस्स. त्याला प्रशस्तिपत्र मिळालं आणि मला मिळाला संताप. यंदा काहीही झालं तरी मीच जाणार, हे मी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं.

माझा विषय होता खेळाडूंचं शरीर. तीन चाचण्या. पहिली, विश्रांतीतली नाडी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची. अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि आपलीच मोजून मोकळे होतो. दुसरी दमसासाची: व्हरांड्याच्या पायरीवर तीन मिनिटं एका तालात चढ-उतर, मग नाडी किती वेळात खाली येते ते बघायचं. तिसरी पट्टीची. मी तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी राहणार, समोरच्याने खाली शून्यापाशी बोटं उघडी ठेवायची, मी न सांगता सोडणार, त्याने पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली त्यावरून वेळ निघतो. वीसवर पकडली तर सेकंदाचा पाचवा भाग. प्रत्येकाला पाच वेळा, मग सरासरी.

चाचण्या मी एकटीने घेतल्या. दुसऱ्या कुणावर सोपवलं तर वाट लावतील, म्हणून. आधी वर्गातलेच पंधरा जण घेतले आणि आकडे बघून मीच चाट पडले. विश्रांतीतली नाडी सगळ्यांची शंभराच्या आसपास. पाच मिनिटं गप्प बसवून मोजली होती हो! मला वाटलं, या लोकांना नीट विश्रांतीसुद्धा घेता येत नाही. आणि पट्टी? चार सेंटिमीटर. तीन. साडेचार. रविना, जी तासाला खिडकीतून बैलगाड्या मोजत बसते, तिची सरासरी साडेतीन! मी मनात म्हटलं, वा रे नववी ब, तुम्ही तर वीज निघालात. रंगीत तक्ता करून सोमवारी राजेंद्र सरांपुढे ठेवला.

सर खेळ आणि विज्ञान दोन्ही शिकवतात. त्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"रिद्धी, शर्यतीत बंदुकीनंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जो पळाला, त्याला चुकीची सुरुवात म्हणून बाद करतात. का? कारण माणसाला तेवढ्यात ऐकून हलताच येत नाही. आणि तुझा आख्खा वर्ग त्याच्या आत आहे. हे आकडे घरी बसून लिहिलेस ना?"

मी? घरी बसून? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते रागाचं होतं, हे सरांना कळावं म्हणून मी पाय आपटला.

"तुम्ही स्वतः घेऊन बघा सर!"

सरांनी रविनाला बोलावलं आणि स्वतः पट्टी सोडली. एकोणीस. वीस. अठरा. सर माझ्याकडे बघायला लागले. मी पट्टी हिसकावलीच म्हणा, आणि सोडली. चार. पुन्हा सोडली. तीन.

"शनिवारी नाव पाठवायचं आहे," सर म्हणाले. "तोवर कारण सापडलं नाही तर भरतचं गाळणं पुन्हा जाईल."

गाळणं! त्या लुगड्याखाली मी पुरली जाणार होते. मी रविनाला व्हरांड्यात गाठलं. "खरं सांग, कसं करतेस? नाहीतर नाव लिहीन फळ्यावर."

रविना खुदकन हसली. "हाई देख, आते बी फुगनं."

"काय फुगलं?"

"तुन्हं नाक. फळ्यावर नाव लिखाना आगोदर तुन्हं नाक फुगस. पट्टी सोडाना आगोदर बी. आम्ही सगळा तीन सालपासून नाककडेच देखतस. नाक फुगनं, का तोंड बंद. नई त मंग नाव लागस."

मला वाटलं धरणी फाटावी. सातवीपासून मी खडू उचलायच्या आधी आख्खा वर्ग माझ्या नाकपुड्या वाचत होता आणि मला पत्ता नाही! मग मी तिच्या हातून तीच पंधरा मनगटं पुन्हा मोजून घेतली. सत्तर, शहात्तर, ऐंशी. मी मोजताना शंभर होती ती विश्रांती नव्हती, ती भीती होती. मला खरंच वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही, आणि आमच्या जैन घरी सूर्यास्तानंतर तसंही जेवत नाहीत, म्हणजे वाटल्याचं सार्थकही झालं नाही.

पण शास्त्र म्हणजे शास्त्र. मी तोंडापुढे पुठ्ठा धरून पट्टी सोडली. वर्ग धाडकन एकोणीसवर आला. पुठ्ठा काढला, चार. सर इतके हसले की खुर्ची करकरली. प्रकल्पाचं नाव बदललं: 'समोरच्याचा चेहरा आणि प्रतिक्रियेचा वेळ'. शनिवारी माझंच नाव गेलं.

प्रदर्शनाला पंधरा दिवस होते. या पंधरा दिवसांत मी फळ्यावर एकही नाव लिहिलं नाही. चांगुलपणा वगैरे काही नाही, खडू उचलला की नाक आठवायचं आणि हात खाली यायचा. वर्गात बाजार भरला. रविना मधल्या सुट्टीत माझ्या बाकावर यायला लागली, माझ्या डब्यातली खाकरी न विचारता उचलायला लागली, आणि एकदा तर भर वर्गात म्हणाली, "ये रिद्धी, जरा सरक ना." कुणी मला सरकायला सांगितलं नव्हतं कधी.

प्रदर्शनात परीक्षक बाई आल्या. मी झोकात सगळं समजावलं. पुठ्ठ्यामागून पट्टी सोडली. रविनाने पकडली अठरावर, वीसवर, एकोणीसवर. "आता बघा बाई, पुठ्ठा काढते." सोडली.

वीस.

पुन्हा सोडली. अठरा. पुन्हा, एकोणीस.

"फरक कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

मी दातांवर दात ठेवून पुटपुटले, "अगं नाकाकडे बघ ना!"

"पट्टी पकडानी शे ना? मंग पट्टीकडेच देखस मी," रविना मोठ्याने म्हणाली. "तुन्हाकडे कसाले देखू? आते तुन्हा धाक नई वाटस."

बाईंच्या भुवया वर गेल्या. तक्त्यावर चार सेंटिमीटर, समोर वीस. आकडे खोटे म्हणून बाई आता निघून जाणार, हे मला दिसलं. मग मीच बोलले. "बाई, आकडे खरे आहेत. तेव्हा ही मला घाबरायची. आता घाबरत नाही. वर्गात कुणीच घाबरत नाही."

बाईंनी कागदावर लिहिलं, 'प्रयोग पुन्हा केल्यावर तोच निकाल येत नाही.' बक्षीस सौर चुलीला गेलं.

एस.टी.त मी खिडकीपाशी बसले. तीन महिन्यांची मेहनत, दोन तक्ते, आणि हाती साधं प्रशस्तिपत्रही नाही. शेजारी रविना बसली होती, जिच्यामुळे हे सगळं झालं. मी तिला तोंडाला येईल ते बोलले, बस निघाल्यापासून. तिने जांभई दिली, आणि माझं बोलणं अर्ध्यावर असताना माझ्याच खांद्यावर डोकं टेकून झोपली. रागाने लाल होऊन मी रनाळं येईपर्यंत खांदा हलवला नाही.